‘चला, एकदा कुणाशी तरी बोलू’



बुऱ्हाणपूरच्या लालबागला बोलायला येणारा वक्ता आधी कुंडी भंडाऱ्यापाशी थांबतो, अशी इथली रीत दिसते. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातली ती जमिनीखालची पाण्याची वाट, तिच्यावरून एखादी उपमा आणि मग मूळ विषय. मी ती उपमा देणार नाही. तुम्ही ती पुष्कळदा ऐकली असणार, आणि माझा विषय असा आहे की त्याला उपमेपेक्षा तपशील जास्त लागतो.

विषय असा. नवरा-बायकोत काही दिवसांपासून बिनसलंय. दोघांपैकी एकाला वाटतं की आता आपलं आपल्याला सुटत नाही, एखाद्या समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जावं. हे दुसऱ्याला सांगायचं कसं? सांगितलं की समोरचा म्हणतो, ‘म्हणजे माझ्यातच खोट आहे, असंच ना?’ आणि ज्या भांडणासाठी जायचं होतं, ते राहतं बाजूला आणि जायचं की नाही यावरच नवं भांडण लागतं. मी जोडप्यांबरोबरच काम करते. माझ्या खोलीत येणारी माणसं आत काय बोलतात हा माझा रोजचा भाग आहे, पण आज मला त्या खोलीच्या आधीचं बोलायचंय. कारण पुष्कळ जोडपी तिथपर्यंत पोचतच नाहीत, आणि त्याला कारण असतं घरात उच्चारलेलं एखादं वाक्य.

समोरचा असा का बिथरतो, हे आधी पाहू. आपण लगेच म्हणतो, पुरुषी अहंकार. किंवा, बायका मनाला लावून घेतात. मला हे उत्तर आळशी वाटतं. आपल्याकडे नवरा-बायकोच्या मध्ये तिसरा माणूस आजवर कोणत्या वाटांनी आलाय ते आठवून पाहा. पहिली वाट म्हणजे बैठक. मुलीचे मामा, मुलाचे काका, समाजातले दोन वजनदार लोक जमतात. चहा होतो, दोन्हीकडचं ऐकून घेतलं जातं आणि उठायच्या आत कुणाला तरी सांगितलं जातं, ‘तू जरा सांभाळून घे.’ बहुतेक वेळा हे मुलीला सांगितलं जातं. दुसरी वाट, पोलिसांच्या छायेत चालणारी परिवार परामर्श केंद्रं. ती मध्य प्रदेशात तुमच्या चांगल्या परिचयाची आहेत. त्यांचं काम मोलाचं आहे, गुन्हा नोंदवायच्या आधीच्या पायरीवर घरं तिथे थांबतात. पण तिथे सुरुवात होते अर्जाने. एकाने अर्ज द्यायचा आणि दुसऱ्याला बोलावणं जायचं. तिसरी वाट न्यायालयाची. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या नवव्या कलमात न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा असं सांगितलंय, आणि त्यासाठी समुपदेशकांची सोयही त्या कायद्यात आहे. पण तोवर दावा दाखल झालेला असतो. विवाहाचा कायदासुद्धा दीर्घकाळ दोष शोधणाराच होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची सोय नव्हती, ती १९७६ च्या दुरुस्तीने आली. त्याआधी वेगळं व्हायचं तर मुख्यतः दुसऱ्याचा अपराध दाखवावा लागे.

या तिन्ही ठिकाणी एक फिर्याद करणारा असतो आणि एक जाब देणारा. ज्या माणसाने आयुष्यात हेच पाहिलंय, त्याला बायको म्हणाली, ‘चला, आपण समुपदेशकाकडे जाऊ,’ तर त्याने काय समजावं? त्याला तारीख लागल्यासारखंच वाटणार. तो अडाणी नाही. अनुभवाने त्याला जे शिकवलंय, त्याला धरूनच तो ऐकतो.

म्हणून जायचा विषय काढणाऱ्याला मी पहिली गोष्ट सांगते, की आत काय घडतं ते आधी स्वतः नीट माहीत करून घ्या, म्हणजे ते सांगता येईल. जोडप्यांच्या कामाच्या पद्धती अनेक आहेत. त्यातली नील जेकबसन आणि अँड्र्यू ख्रिस्टन्सन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बांधलेली एक पद्धत उदाहरणापुरती घेऊ. तिच्यात सुरुवातीच्या चार भेटी फक्त समजून घेण्याच्या असतात. पहिली भेट दोघांची एकत्र. दुसरी एकट्या नवऱ्याची, तिसरी एकट्या बायकोची, किंवा उलट. चौथ्या भेटीत दोघांना समोर बसवून समुपदेशक सांगतो, की मला तुमचं भांडण असं असं फिरताना दिसतं, माझं काही चुकत असेल तर दुरुस्त करा. तोपर्यंत कुणाला सल्ला नाही, समज नाही, तंबी नाही. पहिल्या भेटीत तुमची ओळख कशी झाली, लग्न कसं ठरलं, तेव्हा एकमेकांचं काय आवडलं होतं, हेही विचारलं जातं. बैठकीला जायचं म्हणून मनाची तयारी करून आलेला माणूस या प्रश्नाने अगदी गोंधळून जातो. त्याने बचाव तयार करून आणलेला असतो आणि इथे आरोपपत्रच नसतं.

आता एक घर पाहू. हे एकच घर नाही, तीन-चार घरांचे तपशील मिसळून आणि ओळखीच्या खुणा पुसून मी ते उभं केलंय, तेव्हा ‘हे कोण बरं?’ असं शोधत बसू नका. तो या भागातला, केळीच्या व्यापारात. बागेत कटाई लागली की गाडी भरून होईपर्यंत घरी येत नाही, आणि भाव पडला की आठवडाभर बोलत नाही. ती रावेरकडची, इथे एका खाजगी शाळेत शिकवते. लग्नाला बारा वर्षं, एक मुलगी. भांडण वरवर पाहता पैशाचं आहे. त्याने धाकट्या भावाला दुकानासाठी मोठी रक्कम दिली, हिला विचारलं नाही, आणि ती परत कधी येणार हे कुणी बोलत नाही.

भांडणाची चाल दर वेळी तीच. तो जेवून हात धुतो. ती विचारते, ‘भाऊजींशी बोलणं झालं का?’ तो म्हणतो, ‘बघतो.’ ती विचारते, ‘बघतो म्हणजे कधी?’ तो मोबाइल हातात घेतो. ती आवाज चढवते, कारण मोबाइल हातात घेणं म्हणजे तिच्या लेखी दार लावून घेणं. तो म्हणतो, ‘झालं सुरू,’ आणि उठून गच्चीवर जातो. ती जिन्यापर्यंत मागे जाते. मग दोन दिवस अबोला, आणि मुलीकरवी निरोप. ‘पप्पांना सांग, दूधवाल्याचे पैसे द्यायचेत.’

या चालीचा अभ्यास झालेला आहे. ख्रिस्टन्सन यांनी ख्रिस्टोफर हेवी यांच्याबरोबर १९९० मध्ये त्यावर एक महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला. एकजण मागे लागतो, दुसरा माघार घेतो. जितकं मागे लागावं तितकी माघार वाढते आणि जितकी माघार घ्यावी तितकं मागे लागणं वाढतं. त्यांना असं दिसलं, की बायकोला हव्या असलेल्या बदलाचा विषय निघाला की ती मागे लागते आणि नवरा अंग काढून घेतो, हे प्रमाण जास्त असतं. मात्र विषय नवऱ्याला हव्या असलेल्या बदलाचा असेल तेव्हा हा फरक तसा स्पष्ट उरत नाही. म्हणजे हा स्वभावाचा भाग आहे तितकाच तो कुणाला बदल हवाय याचाही आहे. ज्याला बदल हवा तो बोलतो. ज्याचं आहे त्यात भागतंय तो गप्प बसतो. अभ्यास तिकडच्या जोडप्यांचा आहे, पण गच्ची आणि जिना मी इथेही रोज पाहते.

आणि इथेच खरी मेख आहे. ‘समुपदेशकाकडे जाऊ’ हीसुद्धा एक मागणीच आहे. जी व्यक्ती वर्षभर मागे लागते आहे, तिच्याच तोंडून ती येते. मग ज्याला वर्षभर पळायची सवय लागली आहे, तो तिच्यापासूनही पळतो. म्हणजे ज्या दुखण्यासाठी औषध सुचवलं, ते सुचवण्याची रीतही त्या दुखण्याचाच भाग झाली.

आपल्या या बाईंनी पहिल्यांदा हे कधी सुचवलं? ऐन भांडणात, जिन्यावरून. ‘तुम्हाला ना, कुणाला तरी दाखवायलाच पाहिजे.’ यात आजार त्याचा, नेणारी ही. तो म्हणाला, ‘तूच दाखवून घे.’ विषय संपला. दुसऱ्यांदा तिने शहाणपण केलं असं तिला वाटलं. आपल्या थोरल्या भावाला सांगितलं, की तुम्ही जरा यांना समजवा. भावाने फोन केला, अगदी गोड बोलून. तो दिवस तिला अजून आठवतो, कारण त्या फोननंतर तो जे बोलला नाही ते दोन दिवसांऐवजी दोन आठवडे. त्याच्या दृष्टीने बैठक बसली होती आणि त्याला न विचारता निकाल माहेरी पोचला होता. इथे मी एक नियम सांगते, आणि नियम मी फार कमी सांगते. दोघांनी जायचा विचार सगळ्यात आधी त्या दोघांतल्या दुसऱ्याला कळला पाहिजे. आईला नाही, बहिणीला नाही, मैत्रिणींच्या व्हॉट्सअॅपवर तर नाहीच. त्याच्या आधी आणखी तिघांना ठाऊक आहे हे त्याला कळलं, तर तुमची वाक्यं कितीही मऊ असोत, काही उपयोग होत नाही. वेळ आधीच ठरवून टाकणंही याच जातीचं. ‘मी शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीये’ यात सोय दिसते, पण समोरच्याला ती वॉरंटसारखी वाटते.

तिसऱ्यांदा तिने काय केलं ते सांगते. या वेळी ती आधी माझ्याशी फोनवर बोलली होती, आणि आम्ही दोघींनी मिळून बोलायची चार वाक्यं जुळवली. वेळ निवडली रविवार दुपारची. भांडण नव्हतं, अबोला नव्हता, मुलगी शिकवणीला. दोघं मोटरसायकलवरून तिच्या मावशीकडून परत येत होती आणि वाटेत चहाला थांबली. शेजारी-शेजारी बसून बोलणं समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा सोपं जातं, विशेषतः गप्प माणसाला, कारण कुठे पाहायचं हा प्रश्न उरत नाही. ती म्हणाली:

‘अहो, पैशाचा विषय निघाला की मी तुमच्या मागे लागते. तुम्ही उठून गेलात तरी जिन्यापर्यंत येते. मलाच नंतर कसंतरी होतं. मला हे थांबवता येत नाहीये. एखाद्या बाहेरच्या माणसासमोर आपण दोघं एकदा बसू, असं मला वाटतं. तुम्हाला कसं वाटतं, विचार करून सांगा.’

बस, एवढंच. अर्ध्या मिनिटाचं बोलणं. त्यात काय आहे आणि काय नाही ते पाहा. सुरुवात तिने स्वतःपासून केली, तीही मोघम नाही. ‘माझंही चुकतं’ असं ती म्हणाली नाही, कारण ते सगळेच म्हणतात आणि त्यापुढे ‘पण’ येतो. तिने आपण काय करतो ते सांगितलं, मागे लागते, जिन्यापर्यंत येते. जे त्याने डोळ्यांनी पाहिलंय तेच ती कबूल करत होती, म्हणून ते खरं वाटलं. त्याचा उठून जाण्याचा उल्लेख आला, पण तक्रार म्हणून नाही, प्रसंग म्हणून. भावाचं नाव नाही. रकमेचा आकडा नाही. ते खोलीत बोलायचं. आणि मागणी एका बसण्याची. ‘सहा महिने जाऊ’ ही मागणी कुणालाही जड जाते, आणि त्याची गरजही नसते, कारण पहिली भेट ही पारखून पाहायचीच असते, दोन्ही बाजूंनी.

सर्वांत अवघड भाग पुढचा. ‘विचार करून सांगा’ म्हटल्यावर खरोखर गप्प बसणं. त्याने लगेच विचारलं, ‘म्हणजे मला वेड्यात काढतेस?’ तिने आमच्या ठरल्याप्रमाणे एवढंच म्हटलं, ‘नाही. मला मागे लागणं थांबवायचंय, आणि तुमच्याशिवाय ते जमणार नाही.’ त्यावर तो चहाचे पैसे द्यायला उठला. पुढे आठ-दहा दिवस ती काही बोलली नाही. मला तिचा रोज फोन यायचा, आता विचारू का? मी म्हणायचे, विचारलंत तर पुन्हा तोच जिना.

सुरुवातीच्या वाक्यांवर मी एवढा भर का देते, तेही सांगते. अमेरिकेत सिबिल कॅरेर आणि जॉन गॉटमन यांनी १२४ नवविवाहित जोडप्यांना वादाच्या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला सांगून त्याचं चित्रण केलं होतं. १९९९ मध्ये त्यांनी मांडलं, की त्यातली पहिली तीन मिनिटं पाहिली तरी पुढच्या सहा वर्षांत कोणाचं लग्न टिकणार नाही याचा बराच अंदाज येत होता. या भाकितांवर पुढे टीकाही झाली आहे आणि मी ती आकडेवारी छातीठोकपणे वापरत नाही. पण बोलणं जसं सुरू होतं तसंच बहुधा संपतं, एवढं मला माझ्या कामातही दिसतं. जिन्यावरून सुरू झालेलं वाक्य मधेच गोड करता येत नाही.

आता त्याच्या बाजूने पाहू. नकार देणारे तीन-चार ठरावीक वाक्यं बोलतात, आणि प्रत्येकामागची भीती वेगळी असते. ती ओळखली नाही तर आपण भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत बसतो. ‘मी काय वेडा आहे?’ म्हणणाऱ्याला आजारी ठरवलं जाण्याची भीती आहे. त्याला सांगायचं, की तिथे तपासणी दोघांच्या मधल्या भांडणाची होते, एकट्या माणसाची नाही. ‘घरातलं बाहेर कशाला?’ म्हणणाऱ्याला अब्रूची भीती आहे. त्याला सिद्धांत नको, खात्री हवी, की कोण कुणाला काय सांगणार. आणि बुऱ्हाणपूरसारख्या गावात ही भीती पोकळ नाही. इथे तुमची गाडी कुठे उभी होती हे संध्याकाळपर्यंत चार घरांत ठाऊक असतं. ‘तो आपल्याला काय सांगणार, आपणच बोलू की’ म्हणणारा कधीकधी खरंच बोलायला तयार असतो. त्याला हो म्हणा, तारीख ठरवा, बोला. जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर दोघांनी मिळून पाहिलं की जमत नाही, आणि तेव्हा जायचा विचार एकट्याचा राहत नाही. ‘खर्च कोण करणार?’ हा प्रश्न मात्र पुष्कळदा खर्चाचाच असतो. त्यात मानसशास्त्र शोधू नये.

आपल्या गृहस्थांची भीती दुसरीच निघाली. दहाव्या-अकराव्या दिवशी तो स्वतःहून म्हणाला, ‘तू म्हणत होतीस ते… पण मराठीत नको.’ ती चकित झाली. घरात तर मराठीच बोलतात. पण तो शिकला हिंदी शाळेत. मनातलं, विशेषतः हिशोबातलं आणि रागातलं, त्याला हिंदीतून सुचतं. ती रावेरला मराठी शाळेत शिकलेली, शिक्षिका, सफाईदार बोलणारी. मराठी बोलणाऱ्या समुपदेशकासमोर बसलो तर आपण पहिल्याच दिवशी हरणार, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. सीमेवरच्या जिल्ह्यांत ही बाब कुणी बोलून दाखवत नाही, पण ती अगदी मोलाची आहे. ज्याला ज्या भाषेत भांडता येतं, त्याला त्याच भाषेत समेटही करता यावा. शेवटी दोन्ही भाषा येणारी व्यक्ती ठरली, आणि ठरवली त्याने. तिने तीन नावं काढली होती, त्याने त्यातलं एक आणि शहराबाहेरचं निवडलं. हेही मी मुद्दाम सांगते. ज्याला नेलं जातंय असं वाटतं, त्याच्या हाती निवड द्या. कोण, कुठे, पुरुष की बाई, व्हिडिओवर की प्रत्यक्ष, कोणत्या वारी. जाण्याचा विचार तुमचा, पण रस्ता त्याचा असू द्या.

उलट बाजूचं थोडं सांगते. नवरा सुचवतो आणि बायको बिथरते, असंही कमी नाही. तिची शंका निराळी असते. तिने आजवर पाहिलेल्या प्रत्येक समेटात सांभाळून घ्यायला तिलाच सांगितलेलं असतं. तिला वाटतं, हा सासरचाच निरोप आता सभ्य भाषेत आलाय. अशा वेळी नवऱ्याने एक खात्री आधी द्यावी, की समुपदेशक आपल्या घरच्यांच्या ओळखीतला नसेल, आणि आत बोललेलं माझ्या आईपर्यंत जाणार नाही. ‘आई म्हणत होती’ अशी सुरुवात केलीत, तर पुढचं काही सांगायची गरजच उरणार नाही.

आता मर्यादा. आतापर्यंत मी जे सांगितलं ते ‘भांडण दोघांच्या मधलं आहे’ असं धरून सांगितलं. सगळीकडे तसं नसतं, आणि कुणाला दुखवायचं नाही म्हणून ते दोघांचं आहे असं भासवणं हे खोटं ठरतं. मारहाण होत असेल, धमकी असेल, बाहेर जायची, फोनची, पैशाची कोंडी असेल, तर जोडप्याने एकत्र समुपदेशनाला जाणं सुचवूच नये. त्या खोलीत ती खरं बोलली तर घरी परतल्यावर त्याची किंमत मोजावी लागते, आणि खोटं बोलली तर समुपदेशनाला काही अर्थ राहत नाही. तिथे तिला एकटीला मदत हवी. महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक त्यासाठीच आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याची तरतूद आहे. म्हणून पहिल्या चारपैकी एकेकट्याच्या भेटी नुसती रीत म्हणून ठेवलेल्या नसतात. चांगला समुपदेशक तिथे सरळ विचारतो, ‘घरी भीती वाटते का?’ ज्याने हे कधीच विचारलं नाही, त्याच्याबद्दल मला शंका येते. दारूचंही तसंच. व्यसन आवाक्याबाहेर गेलं असेल तर आधी त्याचे उपचार, आणि तेव्हा ‘आपल्या दोघांचं काहीतरी’ असं गुळमुळीत बोलू नये. ‘मला तुमच्या पिण्याची भीती वाटते’ असं म्हणावं. ते टोचेल, पण खरं असेल.

आणखी एक अडचण आहे, जिच्याकडे फार जण पाहत नाहीत. सुचवणाऱ्याच्या मनात खरं काय आहे? लग्न सावरायचंय, की बाहेर पडायचं ठरलंय आणि ‘मी सगळं करून पाहिलं’ एवढं नोंदवायचंय? दुसरं असेल तर समोरच्याला ते कळतं, आणि मग त्याचा नकार अगदी शहाणा असतो. विल्यम डोहर्टी या समुपदेशकाने अशा जोडप्यांसाठी वेगळी पद्धत काढली आहे, एक पाय घरात आणि एक उंबऱ्याबाहेर असलेल्यांसाठी. जास्तीत जास्त पाच भेटी, आणि त्यात लग्न दुरुस्त करायचं नसतं, फक्त पुढे काय करायचं ते नीट पारखायचं असतं. तुमची अवस्था तशी असेल तर तसंच सांगा, ‘राहायचं की नाही हे मला कळत नाहीये, ते कळण्यासाठी बसू.’ सावरायला बोलावून आत गेल्यावर वेगळं व्हायचा विषय काढला, तर तो दगा आहे.

पुन्हा आपल्या घराकडे. पहिल्या भेटीत तो तिच्यापेक्षा जास्त बोलला. हे मला नवं नाही, तिला होतं. भावाचं त्याने असं सांगितलं, की वडील गेल्यावर धाकट्याचं शिक्षण आपल्यासाठी थांबलं होतं, आपण ते देणं फेडत होतो, आणि हे बायकोला सांगायचं तर आपण कधी काळी भावाच्या जिवावर उभे राहिलो हेही सांगावं लागलं असतं. मग चौथ्या भेटीत तिला ऐकावं लागलं, की तिचं विचारणं त्याला वर्गात पाठ विचारल्यासारखं वाटतं, उत्तर येत नाही म्हणून नाही, उत्तर तपासलं जाणार म्हणून. ती त्या दिवशी चिडून घरी गेली. मला फोन करून म्हणाली, ‘म्हणजे शेवटी माझंच काढलं.’

मला हसू आलं, आणि मी ते लपवलं. कारण हीच तर तिच्या नवऱ्याची पहिल्या दिवसाची भीती होती, आता ती तिच्या घरी आली होती. सुचवणाऱ्याने या दिवसाची तयारी आधीपासून ठेवावी लागते. तुम्ही ‘आपण दोघं’ म्हणत असताना मनात ‘त्याला कळेल तरी’ असं म्हणत असाल, तर चौथ्या भेटीला ते उघडं पडतं. तिने दोन दिवस घेतले आणि पाचव्या भेटीला गेली. पैसे अजून परत आलेले नाहीत. पण ते कधी मागायचे आणि कोणी, हे त्या दोघांनी मिळून ठरवलंय. जिना मधूनमधून होतोच. फरक एवढा, की आता तो उठताना सांगतो, ‘अर्ध्या तासाने येतो,’ आणि येतो.

शेवटचा प्रश्न मला दर ठिकाणी विचारतात, तेव्हा तो आधीच घेते. सगळं नीट करूनही समोरचा नाहीच म्हणाला तर? तर एकट्याने जावं. मागे लागणं आणि माघार घेणं या चालीत एकाने पाऊल बदललं तरी चाल बदलते, आणि घरात तो बदल दिसला की कधीकधी दुसरा स्वतःच विचारतो, ‘तिथे काय करता तुम्ही?’ फक्त ‘तुझ्यामुळे मला जावं लागतंय’ हे म्हणू नका, आणि तिथलं ऐकून ‘मॅडम पण म्हणाल्या की तुमचंच चुकतं’ असं घरी आणू नका. पुढे दोघं मिळून जायचं ठरलं, तर शक्यतो नवी व्यक्ती शोधा. जिने महिनोन्महिने एकाचीच बाजू ऐकली आहे, तिच्यासमोर दुसऱ्याने पहिल्या दिवशी बसणं हे पुन्हा बैठकीत बसण्यासारखंच आहे. म्हणून मी त्या दोघांना भेटलेच नाही. मी फक्त तिच्या फोनवरची बाई राहिले, आणि त्यांचं काम दुसऱ्याच कुणीतरी केलं.

आता प्रश्न असतील ते विचारा. नाव सांगायची गरज नाही, चिठ्ठी पाठवली तरी चालेल.